जबानीची शुद्ध प्रत

सन १९३२ च्या फेब्रुवारी महिन्यात, २१ तारखेच्या रविवारी, धुळे येथील तुरुंगात विनोबांनी आपल्या सहबंद्यांसमोर गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले, आणि दर रविवारी एक अध्याय हा क्रम न चुकविता १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय संपविला. अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी त्या वेळी त्याच तुरुंगात होते, आणि त्यांनी ही प्रवचने समोर बसून झरझर उतरवून घेतली. ती तशी उतरली गेली म्हणूनच आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आहे. हे पुस्तक वाचताना एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वक्ता कुठे अडखळत नाही, एखादे वाक्य अर्ध्यावर टाकून दुसरे उचलीत नाही, योग्य शब्द सापडेपर्यंत ‘म्हणजे’, ‘म्हणजे’ करीत थांबत नाही. समोर लिखित कागद न ठेवता तासभर बोलणारा कितीही सिद्ध वक्ता घेतला, तरी त्याच्या मुखातून असे सलग, सांधेजोड न दिसणारे गद्य बाहेर पडत नाही, हे ज्याने एकदाही बोललेले शब्द कागदावर उतरवून पाहिले आहेत तो शपथेवर सांगेल. तेव्हा विनोबांच्या बोलण्यातले अडखळणे कोठेतरी गळून पडले असलेच पाहिजे, आणि ते गळण्याची जागा एकच संभवते : गुरुजींचा कान आणि गुरुजींचा हात यांच्या मधली.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. सावकाश बोलणारा मनुष्यही मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द बोलतो, आणि देवनागरी अक्षर भरभर काढणाऱ्याचा हात मिनिटाला पंचवीस-तीस शब्दांपुढे क्वचितच जातो. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी लेखकाला वाक्य वळण घेईपर्यंत थांबावे लागते, त्याचा अर्थ मनात धरावा लागतो, आणि मग तो अर्थ वक्त्याच्याच शब्दांत, परंतु त्यातील अनावश्यक शब्द वगळून, कागदावर ठेवावा लागतो. म्हणजे निवड होते ती लिहिण्यापूर्वी, क्षणार्धात, आणि तिचा मागमूस उरत नाही. काय वगळले हे खुद्द वगळणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी सांगता येणार नाही. धुळ्याच्या त्या प्रसंगी वक्त्याचा आणि लेखकाचा विचार इतका एकजीव होता, आणि पुस्तकही वक्त्याच्या हयातीत व त्याच्या संमतीने प्रसिद्ध झाले, की या अदृश्य निवडीबद्दल कोणी शंका घेतली नाही व घेण्याचे कारणही नव्हते. पण प्रत्येक वक्त्याच्या नशिबी साने गुरुजी नसतात.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र आले आणि ही सगळी व्यवस्था पालटली. यंत्र निवड करीत नाही. खोकला, शेजारच्या गोठ्यातील घंटा, ‘हे आपलं’, ‘ते काय म्हणतात’, अर्धे वाक्य, पाऊण वाक्य, हे सर्व ते सारख्याच निष्ठेने साठविते, आणि निवडीचे काम जे पूर्वी ऐकता ऐकता होत असे ते आता नंतर, थंडपणे, टेबलाशी बसून, कोणीतरी केले पाहिजे. फायदा असा की ही निवड आता तपासता येते; तोटा असा की ती करणारा बहुधा बोलण्याच्या वेळी हजर नसतो, बोलणाऱ्याच्या गावचा नसतो, आणि कित्येकदा त्याच्या बोलीचाही नसतो.

प्रस्तुत संग्रहात जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतील वृद्ध स्त्री-पुरुषांनी सांगितलेल्या आठवणी आहेत. बहुतेक आठवणी १९७२ च्या दुष्काळाच्या, काही कापसाच्या जिनातील मजुरीच्या, काही तापीकाठच्या केळीच्या बागांतील. संग्रहाची हस्तलिखित प्रत ज्यांनी प्रथम पाहिली त्यांपैकी एका जाणत्या मित्राने मला रोखठोक विचारले की, ही माणसे खरोखर अशीच बोलली काय? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर ‘होय’ असे देता येत नाही आणि ‘नाही’ असेही देता येत नाही, म्हणून ही प्रस्तावना लिहावी लागत आहे. तिला आमच्या हातून झालेल्या काटछाटीची कैफियत म्हटले तरी चालेल.

प्रत्येक मुलाखतीचे तीन अवतार आमच्या दप्तरात आहेत. पहिला मूळ ध्वनी, ज्याला कोणी हात लावावयाचा नाही. दुसरी अक्षरशः प्रत, जिच्यात उच्चारलेले प्रत्येक अक्षर, तुटलेला प्रत्येक शब्द आणि लांबलेला प्रत्येक विराम नोंदलेला आहे. जे ऐकू येत नाही तेथे चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ असा शेरा आहे आणि त्याच्याशेजारी ध्वनिफितीवरील मिनिट-सेकंद. तिसरी शुद्ध प्रत, जी या ग्रंथात छापली आहे. तासाभराच्या बोलण्याची अक्षरशः प्रत करण्यास सवयीच्या माणसालाही चार ते सहा तास लागतात, आणि दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली किंवा सांगणारा दात नसलेला असला तर याहूनही अधिक. हा वेळ वाचविण्यासाठी अक्षरशः प्रत वगळून ऐकता ऐकताच शुद्ध प्रत लिहिण्याचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो. तो मोह टाळावा असे मी म्हणतो, कारण ऐकता ऐकता लिहिणारा नकळत पुन्हा त्याच जुन्या, मागमूस न ठेवणाऱ्या पद्धतीकडे जातो, आणि त्या पद्धतीस जे समर्थन धुळ्याच्या तुरुंगात होते ते त्याच्यापाशी नसते.

काटछाटीचा हा प्रश्न काही नवा नाही. आपल्या फौजदारी न्यायालयांत साक्षीदाराची जबानी प्रश्नोत्तरांच्या रूपात नव्हे तर सामान्यतः सलग निवेदनाच्या रूपात नोंदावी असा दंडक फार पूर्वीपासून आहे, आणि नोंदलेली जबानी साक्षीदारास वाचून दाखवावी व जरूर तर दुरुस्त करावी असाही. इंग्लंडच्या पार्लमेंटमधील भाषणांचा जो ‘हॅन्सर्ड’ नावाचा वृत्तांत छापला जातो त्याचेही धोरण याच मार्गाचे : पुनरुक्ती व फापटपसारा गाळावा, उघड चूक सुधारावी, पण अर्थात भर घालणारे किंवा युक्तिवाद उजळविणारे काहीही सोडू नये. दोन्ही दंडक शहाणपणाचे आहेत, पण कोणता शब्द फापटपसाऱ्याचा आणि कोणता अर्थाचा हे ठरविण्याचे ओझे ते नोंद घेणाऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होतात. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो, आणि तो सिद्धांताने सुटत नाही. एखादा उतारा समोर ठेवूनच तो सोडवावा लागतो.

पुढील उतारा नमुन्यादाखल मी रचला आहे. त्यात कोणा एका व्यक्तीचे शब्द नाहीत, पण साक्री तालुक्याच्या बाजूची अहिराणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना बोलण्याची ही धाटणी ओळखीची वाटेल. सांगणारा वृद्ध शेतमजूर आहे आणि प्रश्न दुष्काळी कामाविषयीचा आहे. अक्षरशः प्रत अशी :

‘म्हणजे बहात्तर साले, नही का, बहात्तर का एकाहत्तर... बहात्तरच, मना मोठा पोऱ्या पाळणामा व्हता. तर, तर ते हे, खडी फोडाले जाऊत आम्ही, खडी, म्हणजे रस्त्यानी... रस्त्याना कामवर. तठे मुकादम, मुकादम व्हता तो, तो म्हणे हजेरीमा... जाऊ द्या ते. सुकडी भेटे म्हणे पोरेसले. आम्हले काही, आम्हले काही भेटनी नही. नही, एकदाव भेटनी व्हती. एकदाव.’

अहिराणी न जाणणाऱ्या वाचकासाठी आशय सांगतो. बहात्तर साली, थोरला मुलगा पाळण्यात असताना, हे लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यास जात. तेथील मुकादमाबद्दल काही सांगावयाचे होते ते त्यांनी आवरले. दुष्काळी कामांवर जो पौष्टिक भुगा वाटला जाई ती सुकडी मुलांना मिळे म्हणतात. यांना मिळाली नाही. नंतर आठवले की एकदा मिळाली होती.

आता या उताऱ्यावर प्रथम एक घाईची कात्री चालवून पाहू, म्हणजे ती कोठे चुकते ते कळेल. घाईचा संपादक लिहील : ‘बहात्तर साले आम्ही रस्त्याना कामवर खडी फोडाले जाऊत. तठे मुकादम व्हता. पोरेसले सुकडी भेटे. आम्हले एकदाव भेटनी व्हती.’ वाक्ये सुबक आहेत, व्याकरणशुद्ध आहेत, आणि एकही शब्द सांगणाराने न उच्चारलेला नाही. तरीही यात साक्षीची चार ठिकाणी मोडतोड झाली आहे.

पहिली मोडतोड ‘म्हणे’ या शब्दाची. ‘सुकडी भेटे म्हणे पोरेसले’ असे म्हणणारा मनुष्य स्वतः पाहिलेले सांगत नाही, कानावर आलेले सांगतो. ‘म्हणे’ गाळताच ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची साक्ष होते, आणि उद्या कोणी या ग्रंथाच्या आधारे अमुक गावी मुलांना नियमित सुकडी मिळत असे असा दाखला दिला तर त्याचा दोष आमच्या माथी येईल. गंमत अशी की याच उताऱ्यात दोन ओळी आधी ‘तो म्हणे हजेरीमा’ असे जे आले आहे, तेथील ‘म्हणे’ अगदी निराळा : तेथे मुकादम प्रत्यक्ष म्हणत असे. एकच शब्द एका जागी क्रियापद आहे आणि दुसऱ्या जागी साक्षीच्या अधिकाराचा शिक्का. दोन्ही जागी तो बेकार भरताड नाही. या अनुभवानंतर आम्ही असा नियमच केला की, ‘म्हणे’, ‘वाटतं’, ‘बहुतेक’, ‘असेल बुवा’ हे शब्द कितीही वेळा आले तरी, सांगणाऱ्याला आपल्या माहितीची खात्री किती आहे हे दाखवीत असतील तेथे, गाळावयाचे नाहीत.

दुसरी मोडतोड सुकडीच्या दुरुस्तीची. सांगणारा आधी म्हणाला, मिळाली नाही. मग थांबून म्हणाला, नाही, एकदा मिळाली होती. स्वतःचे म्हणणे सुधारणे दोन प्रकारचे असते आणि त्या दोहोंचा निकाल एक नव्हे. ‘रस्त्यानी... रस्त्याना कामवर’ येथे जीभ चुकली आणि सावरली. बोलणाऱ्याला दोन गोष्टी सांगावयाच्या नव्हत्या, एकच सांगावयाची होती, म्हणून सावरलेले ठेवावे आणि चुकलेले गाळावे. सुकडीच्या बाबतीत मात्र जीभ चुकली नाही, आठवण बदलली. चाळीस-पन्नास वर्षांनंतर त्या माणसाच्या मनावर ‘काही मिळाले नाही’ हाच ठसा पक्का आहे, आणि ‘एकदा मिळाली’ ही त्याच्या प्रामाणिकपणाने दिलेली पुरवणी आहे. ठसाही पुराव्याचा भाग आहे आणि पुरवणीही. दोन्ही ठेवली पाहिजेत, याच क्रमाने.

तिसरी मोडतोड शेवटच्या ‘एकदाव’ची. पुनरुक्ती गाळावी हे सूत्र ऐकून नवशिका प्रथम हाच शब्द खोडतो. परंतु अडखळणाऱ्याची पुनरुक्ती आणि जोर देणाऱ्याची पुनरुक्ती यांत कानाला स्पष्ट कळेल असा फरक आहे. अडखळणारा मनुष्य वाक्याच्या तोंडाशी किंवा मध्येच अडतो, त्याला पुढचा शब्द सापडलेला नसतो, म्हणून तो हातातला शब्द त्याच सपाट सुरात पुन्हा पुन्हा फिरवीत बसतो. ‘तर, तर’, ‘मुकादम, मुकादम’, ‘आम्हले काही, आम्हले काही’ ही सगळी त्या जातीची. जोर देणारा वाक्य पुरे करतो, थांबतो, आणि मग एक शब्द उचलून पुन्हा ठेवतो, सूर खाली नेऊन. मध्ये आलेला ‘खडी फोडाले जाऊत आम्ही, खडी’ हा मात्र या दोहोंच्या सीमेवरचा आहे. कागदावरून त्याचा निर्णय होत नाही, ध्वनी ऐकावाच लागतो, आणि ऐकूनही दोन कानांचे एकमत झाले नाही तर आम्ही तो शब्द ठेवला आहे. याखेरीज मराठीत व अहिराणीत ज्या द्विरुक्ती भाषेच्याच घडणीत आहेत, ‘हळूहळू’, ‘जाता जाता’, ‘रडू रडू’, त्यांना तर हात लावण्याचा प्रश्नच नाही. तरीही एका होतकरू मदतनिसाने सगळीकडचे ‘घरघर फिरनूत’ हे ‘घर फिरनूत’ करून ठेवलेले मी पाहिले आहे, तेव्हा हे लिहून ठेवणे बरे.

चौथी मोडतोड सर्वांत नाजूक. ‘तो म्हणे हजेरीमा... जाऊ द्या ते.’ हे वाक्य अपुरे आहे आणि अपुरी वाक्ये गाळावीत असा सर्वसाधारण रिवाज आहे. बहुतेक अपुरी वाक्ये गाळण्याच्याच लायकीची असतात, कारण बोलणारा तोच विचार लगेच दुसऱ्या वाक्यात पुरा करतो. पण येथे तो पुरा होत नाही. तो आवरला जातो. हजेरीच्या पटाबद्दल, म्हणजे मजुरीच्या हिशेबाबद्दल, काही बोलण्याजोगे होते आणि ते बोलावयाचे नाही असे त्या माणसाने ठरविले, ही गोष्ट वाचकाला कळली पाहिजे. तिच्या पलीकडे काय होते ते आपण सुचवावयाचे नाही, आणि कंसात ‘पैसे खाण्याचा उल्लेख असावा’ असा चतुर शेरा मारण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

या चार दुरुस्त्या केल्यावर आमची शुद्ध प्रत अशी होते : ‘बहात्तर सालेच; मना मोठा पोऱ्या पाळणामा व्हता. रस्त्याना कामवर खडी फोडाले जाऊत आम्ही, खडी. तठे मुकादम व्हता. तो म्हणे हजेरीमा... जाऊ द्या ते. सुकडी भेटे म्हणे पोरेसले. आम्हले काही भेटनी नही. नही, एकदाव भेटनी व्हती. एकदाव.’ सालाबद्दलची घालमेल येथे गाळली आहे. दुष्काळाचे साल वादातले नाही, आणि ज्या खुणेने सांगणाऱ्याने ते स्वतःशी पक्के केले ती पाळण्यातल्या मुलाची खूण व निश्चयाचा ‘च’ आम्ही राखला आहे. हाच संशय एखाद्या अशा प्रसंगाबद्दल असता की ज्याच्या तारखेला दुसरा आधार नाही, तर ‘बहात्तर का एकाहत्तर’ आम्ही अक्षरशः ठेवले असते. एकाच प्रकारच्या शब्दांचा दोन ठिकाणी दोन तऱ्हेने निवाडा होतो याने काही वाचक अस्वस्थ होतील. त्यांच्यासाठी अक्षरशः प्रत दप्तरात खुली ठेवली आहे.

आतापर्यंत गाळण्याविषयी लिहिले, पण माझ्या पाहण्यात अधिक नुकसान गाळण्याने नव्हे तर घालण्याने होते. भरताडीचे शब्द काढून टाकले की दोन वाक्ये एकमेकांशेजारी उघडीबोडकी उभी राहतात, आणि शिकलेल्या हाताला ते सोसत नाही. तो मध्ये एक ‘म्हणून’, एक ‘त्यामुळे’, एक ‘कारण’ सरकावून देतो. ‘विहीर आटनी. मंग आम्ही सुरतले गवूत’ असे एक बाई सांगतात. कागदावर उतरते, विहीर आटल्यामुळे आम्ही सुरतेस गेलो. बाईंनी कारण सांगितलेले नाही, क्रम सांगितला आहे. जाण्याचे कारण कदाचित विहीर असेल, कदाचित सुरतेस असलेला दीर असेल, कदाचित घरातले भांडण असेल. ‘मंग’ या शब्दाच्या पोटात या सगळ्यांना जागा आहे आणि ‘त्यामुळे’ च्या पोटात नाही. शुद्ध प्रतीत सांगणाराने न उच्चारलेला शब्द चौकटी कंसाखेरीज घालावयाचा नाही, हा नियम आम्ही धुळ्याच्याच एका परंपरेकडून घेतला असे म्हणण्यास हरकत नाही : जुन्या कागदांतील फाटलेली जागा अंदाजाने बेमालूम भरू नये, भरली तर भरणाऱ्याची खूण दिसली पाहिजे. राजवाड्यांच्या नावाने या शहरात उभ्या असलेल्या संशोधन मंडळाच्या अभ्यासकांना ही शिस्त नवी नाही. कागदाच्या बाबतीत जे आपण पाळतो ते जिवंत माणसाच्या बोलण्याबाबत का विसरावे, हे मला कळत नाही.

याच वर्गातली आणखी एक चूक प्रश्नकर्त्याला अदृश्य करण्याची. वाचनाला सलगपणा यावा म्हणून मुलाखत घेणाऱ्याचे ‘हं’, ‘अच्छा’, ‘बरं’ गाळणे योग्यच आहे. पण ‘मजुरी वेळेवर मिळत नसे ना?’ या प्रश्नाला म्हातारा ‘हा’ म्हणतो, आणि प्रश्न गाळून ‘मजुरी वेळेवर मिळत नसे’ असे त्याच्या तोंडी घातले जाते, तेव्हा प्रश्नकर्त्याचे अनुमान सांगणाऱ्याची साक्ष बनते. न्यायालयातील सलग जबानीवर पूर्वीपासून जो आक्षेप घेतला जातो तो हाच. म्हणून जेथे उत्तर प्रश्नाच्या पलीकडे काही सांगते तेथे आम्ही प्रश्न काढला आहे, आणि जेथे उत्तर नुसता होकार आहे तेथे तो तिरप्या टाइपात ठेवला आहे. काही पानांवर यामुळे वाचन अडते. अडू द्यावे.

शुद्ध प्रत बिघडली आहे हे ओळखावे कसे? माझ्या मते दोन परीक्षा पुरेशा आहेत. एक, निरनिराळ्या तीन माणसांच्या प्रती नावे झाकून एकापाठोपाठ वाचाव्यात. तिघेही एकाच माणसासारखे बोलू लागले असतील, वाक्यांची लांबी सगळीकडे सारखी झाली असेल, तर ते चौथ्या माणसाचे, म्हणजे संपादकाचे, बोलणे आहे. दुसरी परीक्षा न्यायालयाने घालून दिलेली : प्रत सांगणाऱ्याला वाचून दाखवावी. रावेर तालुक्यातील केळीच्या मळ्यात आयुष्य काढलेल्या एका आजींना त्यांचा मजकूर वाचून दाखविला तेव्हा त्या एका जागी थांबवून म्हणाल्या की, हे मी बोलले, पण असं रागानं नाही बोलले. तपासून पाहता त्या वाक्यातील ‘बरं का’ आम्ही भरताड म्हणून काढला होता. तो परत घातला आणि वाक्याचा राग गेला.

बोलीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो वास्तविक या विषयाच्या बाहेरचा आहे आणि तरीही प्रत्येक वेळी आत घुसतो. अडखळणे म्हणजे बोली नव्हे आणि बोली म्हणजे अडखळणे नव्हे. पण पुण्यामुंबईकडे शिकून आलेला तरुण दोन्हींना एकाच ‘अशुद्ध’ या सदरात टाकतो व एकाच लेखणीने दोन्ही पुसतो. याचा सर्वांत हास्यास्पद नमुना ‘ना’ चा. प्रमाण मराठीत बोलता बोलता येणारा ‘ना’ पुष्कळदा नुसता हुंकार असतो, आणि तो गाळण्याची सूचना सर्रास दिली जाते. अहिराणीत मात्र ‘ना’, ‘नी’, ‘नं’ हे षष्ठीचे प्रत्यय आहेत, आणि ध्वनीवरून लिहिणारा ते कित्येकदा शब्दापासून तोडून लिहितो. मग ‘गाव ना लोक’ मधला ‘ना’ हुंकार समजून कोणी काढला, की गावचे लोक जाऊन गाव आणि लोक एवढेच उरतात. म्हणून आमच्या मदतनिसांना पहिल्या आठवड्यात काटछाट न शिकविता प्रत्यय जोडून लिहिणे शिकवावे लागले.

या बाबतीत खानदेशास एक मोठा पूर्वाधार आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनी त्या म्हणत असताना टिपून ठेवल्या, आणि बाईंच्या निधनानंतर १९५२ साली त्या छापल्या गेल्या तेव्हा त्यांची बोली पुसली गेली नाही. अर्थात तेथे काम एका बाजूने सोपे होते. छंद स्वतःच भरताड बाहेर ठेवतो. ओवीत ‘म्हणजे’, ‘म्हणजे’ म्हणण्यास मात्रा शिल्लक नसतात. गद्यात बोलणाऱ्याला ते संरक्षण नाही, आणि म्हणून त्याच्याबाबत टिपणाऱ्याची जबाबदारी अधिक.

एक अडचण मात्र आमच्या नियमांनी सुटली नाही. सांगणाऱ्यांपैकी काही जणांनी, विशेषतः ज्यांची मुले शिकून नोकरीस लागली आहेत त्यांनी, प्रत वाचून दाखविताच विनंती केली की, आमचे हे गावठी काढा आणि शाळेतल्या पुस्तकासारखे लिहा, नातवंडे हसतील. त्यांचे शब्द त्यांचे आहेत, तेव्हा त्यांच्या इच्छेला मान द्यावा असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले; बोली बदलली की साक्षच बदलते असे दुसऱ्याचे. आम्ही शेवटी असे ठरविले की, ज्यांनी विनंती केली त्यांच्यासाठी प्रमाण मराठीतील एक वेगळी प्रत करून ती त्यांच्या घरी द्यावी, आणि छापण्यासाठी बोलीतली प्रत त्यांची रीतसर परवानगी मिळाली तरच घ्यावी. तिघांनी परवानगी दिली नाही. त्यांचा मजकूर या संग्रहात नाही.